टाकी आली दारी, तिचा कोड द्यावा

ओटीपी कुणाला । सांगू नका कधी ।
लुटण्याची संधी । देऊ नये ॥

या ओवीत छंदाची चूक नाही. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळलेलं. ज्यांनी आयुष्यभर हरिपाठ म्हटला त्यांच्या तोंडात हा देवद्वार छंद आपोआप बसतो. साताऱ्यातल्या एका बँकेच्या शाखेत ज्येष्ठ नागरिकांसाठी व्याख्यान ठेवलं होतं, तिथे ती फळ्यावर लिहिली गेली आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटली. रचणाऱ्या बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी खडू खाली ठेवला तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या. ‘बाई, मग गॅसवाल्यालाही सांगायचा नाही का?’

सभागृहात थोडं हसू पिकलं, पण शाखाधिकारी मॅडम हसल्या नाहीत. आजींचा प्रश्न त्या दुपारचा सगळ्यात शहाणा प्रश्न होता. घरपोच सिलिंडर देताना चार आकडी कोड विचारण्याची पद्धत 2020 पासून सुरू झाली. टाकी दारात येते, पोरगा म्हणतो, ‘आजी, मेसेज आलाय बघा, नंबर सांगा.’ तो सांगितला नाही तर टाकीची नोंद होत नाही. कुरिअरवाला कोड मागतो, रिक्षा अ‍ॅपवरून बोलावली तर रिक्षावाला मागतो. ज्या पिढीला आपण ‘कोड कुणालाच सांगू नका’ म्हणून बजावतो, त्याच पिढीला महिन्यातून चारदा परक्या माणसाला कोड सांगावा लागतो. सांगितल्यावर काही वाईट होत नाही, उलट काम होतं. त्यामुळे फोनवरचा माणूस कोड मागतो तेव्हा त्यात वावगं काही वाटत नाही. हात सवयीने मेसेज उघडतो.

बहुतेक सूचनाफलक आणि घोषणा इथेच कमी पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. नियम जगण्याशी जुळला नाही की माणूस तो नियमच सोडून देतो, आणि ‘सांगू नका’ हा नियम म्हाताऱ्या माणसाच्या रोजच्या जगण्याशी जुळत नाही. बाईंना ते जागच्या जागी कळलं. त्यांनी ओवी पुसली. पुढचा पाऊण तास ते व्याख्यान राहिलंच नाही. चाळीसेक म्हातारी माणसं, एक बँक अधिकारी आणि एक शिक्षिका मिळून ओव्या तपासत बसली. प्रत्येक शब्द खरोखर घडणाऱ्या गोष्टीवर घासून पाहिला गेला. मला लिहायचं आहे ते या तपासणीबद्दल.

आजींच्या प्रश्नातून तयार झालेली ओवी अशी:

टाकी आली दारी । तिचा कोड द्यावा ।
पैशाचा ठेवावा । मनामध्ये ॥

‘आता बरोबर,’ आजी म्हणाल्या. पण मागच्या रांगेतून एका काकांनी लगेच विचारलं, ‘कोड टाकीचा आहे की पैशाचा, हे ओळखायचं कसं? दोन्ही मेसेजच की!’

मॅडमनी आपला फोन काढून एक जुना मेसेज वाचून दाखवला. बँकेचा ओटीपी एकटा येत नाही. त्याच्या मागेपुढे एक वाक्य असतं, आणि त्या वाक्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: हा कोड कोणत्या कामासाठी आहे, पैसे जाणार असतील तर किती, आणि कुणाकडे. शेवटी कुणालाही सांगू नका असंही असतं. पण म्हातारा माणूस ते वाक्य वाचत नाही. एक तर ते बहुधा इंग्रजीत असतं. दुसरं म्हणजे फोनच्या वरच्या पट्टीत मेसेज डोकावतो तेव्हा सहा आकडेच ठळकपणे दिसतात. तिसरं कारण सगळ्यात मोठं. फोनवरचा माणूस घाई करत असतो: ‘फक्त आकडे वाचा काका, बाकी काही नाही.’ तो ‘फक्त आकडे’ का म्हणतो, हे कळलं की त्याचा डाव कळला. बाकीचं वाक्य त्याचं पितळ उघडं पाडणारं असतं.

आकड्याच्या आधी । वाचा त्याचे काम ।
किती आहे दाम । कोणासाठी ॥

इंग्रजी न येणाऱ्यांसाठी मॅडमनी एक साधी खूण सांगितली. मेसेजमध्ये आर-एस किंवा आय-एन-आर ही अक्षरं आणि पुढे रक्कम दिसली, तर तो कोड पैसे जाण्याचा आहे. रक्कम नाही, पण बँकेचं नाव आहे, तर तो बहुधा खात्याचं दार उघडण्याचा आहे, म्हणजे पासवर्ड बदलण्याचा किंवा खात्यात नवं नाव जोडण्याचा. तो रकमेच्या कोडाहून कमी धोक्याचा नाही. उलट चोर आधी तोच मागतो. टाकीच्या मेसेजमध्ये गॅस कंपनीचं नाव असतं आणि टाकी समोर उभी असते.

मग आपण काहीच केलेलं नसताना कोड आला तर? यावर बाईंकडे ओवी तयार होती, आणि ती एक अक्षरही न बदलता टिकली:

मागितला नाही । तरी कोड आला ।
चोर कुलुपाला । चाचपतो ॥

या ओवीचं मोल असं की ती घाबरवत नाही आणि निश्चिंतही राहू देत नाही. न मागता कोड आला म्हणजे पैसे गेले असं नाही. कुणाच्या तरी हाती तुमच्या खात्याची किंवा कार्डाची माहिती लागली आहे आणि तो प्रयत्न करतो आहे. कोड तुमच्याकडे आहे तोवर तो बाहेर आहे. अशा वेळी मेसेज पुसून टाकायचा नाही. शाखेत जाऊन दाखवायचा, आणि गरज पडली तर कार्ड बंद करून नवं घ्यायचं.

यानंतर मॅडमनी मुख्य विषय काढला. ऑक्टोबर संपत आला होता आणि समोर बसलेल्यांत पेन्शनर बरेच होते. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पूर्वी हा दाखला बँकेत जाऊन, साहेबासमोर सही करूनच द्यावा लागे. 2014 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू केली. त्यामुळे आता आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा देऊन, किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्याही दाखला काढता येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. चोरांनी ओळखलं ते एवढंच, की या कामात मोबाइलवर खराही कोड येतो. खऱ्या कामात कोड येत असेल, तर खोट्या कामातला कोड संशयास्पद वाटत नाही.

फोन कसा येतो, हे मॅडमनी फळ्यावर वेळेसकट लिहिलं. प्रसंग रचलेला, पण त्यातली प्रत्येक पायरी अशा तक्रारींतून नेहमी ऐकू येणारी आहे.

सकाळी 11 वाजून 10 मिनिटं. ‘नमस्कार, कोषागार कार्यालयातून बोलतोय.’ आवाज मऊ, भाषा सरकारी. तो तुमचं नाव घेतो, निवृत्तीची तारीख सांगतो, पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक वाचतो, पेन्शन कोणत्या बँकेत जमा होते तेही सांगतो. इथेच निम्मी लढाई तो जिंकतो, कारण आपल्याला वाटतं की एवढं ऑफिसशिवाय कुणाला माहीत असणार? पण ही माहिती बाहेर फुटलेली असते, विकलेली असते. माहिती असणं म्हणजे अधिकार असणं नव्हे. मग तो सांगतो, ‘तुमचा दाखला सिस्टीमला दिसत नाही. आज झाला नाही तर पुढची पेन्शन थांबेल.’ ओळख पटवण्यासाठी म्हणून तो डेबिट कार्डावरचे आकडे विचारतो.

11 वाजून 16 मिनिटांनी पहिला कोड येतो. तो म्हणतो, ‘हा दाखल्याचा.’ मेसेजात लिहिलेलं असतं नेट बँकिंगचा पासवर्ड बदलण्याबद्दल. 11 वाजून 20 मिनिटांनी दुसरा. ‘सर्व्हर स्लो आहे, पुन्हा पाठवलाय.’ मेसेजात लिहिलेलं असतं खात्याला नवा लाभार्थी जोडण्याबद्दल. 11 वाजून 24 मिनिटांनी तिसरा, आणि यात रक्कम असते: 49,000. ‘शेवटचा कोड, काका. झालं तुमचं काम.’ तो आभार मानतो, तब्येतीची काळजी घ्या म्हणतो. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन येतो, कारण पुष्कळ बँका नव्याने जोडलेल्या लाभार्थ्याला पहिल्या काही तासांत मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. बंधन सुटलं की तो उरलेल्या पैशांसाठी येतो. खात्यात पैसे संपले असतील, तर नेट बँकिंगमधून मुदत ठेवही मोडता येते. ती मोडण्याच्या कोडालाही तो ‘दाखल्याचा कोड’च म्हणतो.

तीन कोड, तीन वेगळी कामं, आणि तिन्ही मेसेजांत खरं काय ते लिहिलेलं. सभागृहात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ओवी आली:

हयात-दाखला । बँकेत द्यायचा ।
फोनवर त्याचा । प्रश्न नाही ॥

यावर मॅडमनी हात वर केला. ‘बाई, “बँकेत” नको. पोस्टात देता येतो, घरी मोबाइलवरही देता येतो. ओवी ऐकून उद्या एखाद्या नव्वदीच्या आजी जिना चढून येतील.’ बाईंनी एक शब्द बदलला:

हयात-दाखला । आपण द्यायचा ।
फोनवर त्याचा । प्रश्न नाही ॥

मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. आधीच्या ओवीत जागा सांगितली होती, आता सुरुवात कुणी करायची ते सांगितलं गेलं. खरं काम आणि खोटं काम यांतला सगळ्यात भरवशाचा फरक हाच आहे. दाखल्याचं काम तुम्ही सुरू केलंत आणि त्यासाठी कोड आला, तर तो तुमच्याच हाताने तुमच्याच समोरच्या पडद्यावर भरायचा असतो. काम फोन करणाऱ्याने सुरू केलं असेल, तर कोडही त्याचाच.

पैसे ‘येण्याच्या’ फसवणुकीवरची ओवी लवकर आटोपली. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. जुना सोफा विकायला काढला की कुणीतरी ‘मिलिटरीतून बोलतोय’ म्हणतो आणि पैसे पाठवायचं सांगून पिन टाकायला लावतो, हा प्रकार आता बऱ्याच जणांना ठाऊक झाला आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची मागणी पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, त्यामुळे एक वाट बुजली. पण ‘हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’ ही वाट उघडीच आहे.

येणाऱ्या पैशाला । पिन लागेचना ।
जाणाऱ्या पैशांना । पिन लागे ॥

मग चर्चा अशा ठिकाणी आली जिथे ‘सांगू नका’ हे शब्दच निकामी होतात. एक अण्णा म्हणाले, ‘माझ्या साडूंनी कोड कुणालाच सांगितला नव्हता. तरी गेले पैसे.’ मॅडमना नवल वाटलं नाही. कोड न सांगताही जातो, आणि त्याचे निदान तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, तुमच्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारी अ‍ॅप. ‘मी तुम्हाला मदत करतो, हे अ‍ॅप घ्या.’ ते घेतलं की तुमच्या फोनवर आलेला मेसेज त्यालाही दिसतो. रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅपबद्दल 2019 मध्येच इशारा दिला होता. आता तर व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवरही पडदा दाखवता येतो, वेगळं अ‍ॅपही लागत नाही. दुसरा मार्ग, फोन जोडणं. चोर म्हणतो, ‘तुमच्या भाच्याने नंबर दिला, तो दुसऱ्या लाइनवर आहे, कॉल जोडा.’ ती दुसरी लाइन भाच्याची नसते, बँकेच्या यंत्राची असते आणि ते यंत्र कोड बोलून दाखवत असतं. तुम्ही तोंड उघडायच्या आत चोराने तो ऐकलेला असतो. याबद्दल यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनेच फेब्रुवारी 2025 मध्ये लोकांना सावध केलं होतं.

तिसरा मार्ग या दिवसांत सगळ्यात जास्त जपण्याजोगा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका येऊ लागतात. त्यांतली एखादी फोटो नसते, पीडीएफही नसते, तिच्या नावाच्या शेवटी `.apk` असतं. ते फोनमध्ये बसवण्याचं अ‍ॅप असतं. बसवताना ते मेसेज वाचण्याची परवानगी मागतं, आपण ‘हो’ म्हणत जातो, आणि त्यानंतर आलेला प्रत्येक कोड आपोआप चोराकडे जातो. कधी पत्रिकेऐवजी वाहनाच्या दंडाची पावती असते. ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून ती निर्धोक ठरत नाही, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच बिघडवलेला असू शकतो.

लग्नाची पत्रिका । एपीके शेपूट ।
उघडता लूट । सुरू होते ॥

अशी पत्रिका चुकून बसवलीच तर काय करायचं, हे ओवीत मावेना. म्हणून मॅडमनी ते सावकाश सांगितलं. फोनचं नेट आधी बंद करायचं, विमान मोडवर टाकायचा. मग दुसऱ्याच फोनवरून बँकेला कळवायचं. आपल्या फोनवरून नाही, कारण त्या फोनवर आपली सत्ता उरली आहे की नाही हे सांगता येत नाही. त्यानंतर जाणत्या माणसाकडून फोन पूर्ण कोरा करून घ्यायचा. नुसतं अ‍ॅप काढून टाकणं पुरत नाही.

इथवर ओव्या ‘ओळखा कसं’ हे सांगत होत्या. ‘करा काय’ हे सांगणाऱ्या ओवीवर खरा खल झाला. बाईंनी लिहिलं होतं:

घाई करी त्याचा । फोन खाली ठेवा ।
नंबर शोधावा । पासबुकी ॥

कानाला चांगली, अर्थाला नेमकी. मॅडम म्हणाल्या, प्रयोग करून बघू. त्यांनी एका आजोबांना पुढे बोलावलं, स्वतः मागे उभ्या राहून त्यांना फोन लावला आणि चोराच्या आवाजात बोलू लागल्या. आजोबांनी अर्धं मिनिट ऐकलं, ओवी आठवली आणि फोन खाली ठेवला. टेबलावर, पडदा वर करून. फोन सुरूच होता. मॅडमचा आवाज टेबलावरून येत राहिला: ‘काका, ऐकू येतंय ना?’ आणि आजोबांनी वाकून उत्तर दिलं.

आयुष्याची चाळीस वर्षं ज्यांनी काळ्या फोनचा रिसीव्हर ठेवला, त्यांना ‘फोन ठेवा’ म्हटल्यावर हात तेच करणार. शिवाय पासबुकातला नंबर लावायचा तर आधीचा फोन तुटला पाहिजे. बाईंनी ओवी दोन ओव्यांत फोडली:

घाई करी तेव्हा । लाल खूण दाबा ।
जरा वेळ थांबा । बोलू नका ॥

बँकेचा नंबर । पासबुकी पाही ।
नेटवर नाही । भरवसा ॥

नेटवर का नाही, हे सांगायला हवं होतं. चोर बँकांच्या नावाने खोटे ‘ग्राहक सेवा’ नंबर नेटवर पेरून ठेवतात. घाबरलेला माणूस बँकेला फोन करतो आहे असं समजून त्यांनाच फोन लावतो. बँकांची खरी संकेतस्थळं ओळखता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी `bank.in` हा राखीव पत्ता केला आणि 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांना त्यावर यायला सांगितलं. बँकेच्या पत्त्याचा शेवट तसा आहे का, हे पाहता येतं. पण पंचाहत्तरीच्या माणसाला पत्ता तपासत बसण्यापेक्षा पासबुकाच्या आतल्या पानावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबर जवळचा, असं मॅडमचं मत पडलं, आणि ते मला पटलं.

खोट्या फोनचा प्रयोग मग आणखी काही जणांवर झाला. जे दिसलं ते सांगितलंच पाहिजे. पाच मिनिटांपूर्वी ओव्या खड्या आवाजात म्हणणाऱ्यांपैकीही काही जणांनी कोड वाचून दाखवला. त्यांना ओवी आठवत नव्हती असं नाही. एका काकू म्हणाल्या, ‘कळत होतं मला. पण तो इतक्या अदबीने बोलतोय, मध्येच कसा तोडायचा फोन?’

मी या विषयावरच्या पुष्कळ सूचना वाचल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये काढलेल्या पुस्तिकाही वाचल्या आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. पण काकूंनी सांगितलेली अडचण मला इतक्या स्पष्टपणे कुठे भेटली नव्हती. आपल्याकडे मोठ्या झालेल्या माणसाला कुणाचं बोलणं अर्धवट तोडणं हा उद्धटपणा वाटतो. चोर त्या संस्कारावरच जगतो. लाल खूण दाबा हे सांगून भागत नाही. दाबण्याआधी तोंडाने काय म्हणायचं, हे द्यावं लागतं. निरोपाचं एक सभ्य वाक्य हाती असलं की हात मोकळा होतो. बाई थोडा वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या, बोटांवर अक्षरं मोजली आणि फळ्यावर लिहिलं:

येतो मी शाखेत । तिथेच बोलूया ।
फोन हा ठेवूया । नमस्कार ॥

बाकीच्या ओव्या आपण आपल्याला सांगायच्या आहेत. ही समोरच्याला ऐकवायची आहे. तिच्यात भांडण नाही, आरोप नाही, ‘तू चोर आहेस’ असं नाही. फोन चुकून खऱ्याच अधिकाऱ्याचा असला तरी त्याचा अपमान होत नाही, कारण शाखेत येतो म्हटल्यावर खरा अधिकारी ‘या’ म्हणतो. चोरच म्हणतो, ‘शाखेत नको, आत्ताच झालं पाहिजे.’ म्हणजे या एका ओवीत परीक्षाही झाली. दुसऱ्या फेरीत त्याच काकूंना पुन्हा फोन लावला. त्यांनी गोड आवाजात ओवी म्हटली, ‘नमस्कार’वर लाल खूण दाबली आणि सगळ्यांकडे पाहिलं. बायका ‘येतो’ ऐवजी ‘येते’ म्हणतील, छंद तसाच राहतो.

पैसे गेलेच तर काय, हा भाग बहुतेक व्याख्यानांत शेवटच्या दोन मिनिटांत उरकला जातो. मॅडमनी त्याला वेळ दिला, कारण इथे घड्याळाला पैशाची किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात जबाबदारी कुणाची हे ठरवलेलं आहे, आणि सहकारी बँकांनाही त्याच वर्षी तसेच नियम लागू झाले. ग्राहकाने स्वतः कोड किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मॅडम फळ्यावरच्या वेळापत्रकाकडे वळल्या. 11 वाजून 24 मिनिटांनी 49,000 गेले. काकांनी 12 वाजता बँकेला कळवलं, तर संध्याकाळच्या फोनवर होणारं नुकसान त्यांच्या माथी येत नाही. कळवलं नाही, तर तेही त्यांचंच. ग्राहकाचीही चूक नाही आणि बँकेचीही नाही, चोरी मधल्याच कुठे झाली, अशा व्यवहारात बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. कामाच्या चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा. कळवल्याचा तक्रार क्रमांक मात्र मागून घ्यायचा, नाहीतर ‘12 वाजता सांगितलं होतं’ हे सिद्ध कसं करणार?

बँकेला कळवणं हे एक काम, 1930 ला फोन लावणं हे दुसरं. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत, ते काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून नोटा होऊन बाहेर पडतात. नोटा होण्याआधी जिथे असतील तिथे गोठवता आले, तरच ते परत मिळण्याची आशा. 1930 हा नंबर त्यासाठी आहे. तो लागला नाही तर `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवता येते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर असावी, म्हणून पैसे गेल्याचे मेसेज पुसायचे नाहीत.

एक नऊ तीन । शून्य हे आकडे ।
गेले पैसे थोडे । तरी लावा ॥

‘थोडे’ हा शब्द बाईंनी मुद्दाम घातला. पहिली रक्कम पुष्कळदा लहान असते. ‘दोन हजारांसाठी कुठे बोभाटा’ म्हणून माणूस गप्प बसतो आणि चोराला खात्याची खात्री पटते. गप्प बसण्याचं दुसरं कारण लाज. मुलगा ओरडेल, सून हसेल, हातातला फोन काढून घेतील. या भीतीने जे दिवस जातात, त्यांतलं पुढचं नुकसानही त्याच्याच माथी येतं.

फसला तो नाही । दोषी, चोर दोषी ।
सांगावे घराशी । त्याच दिशी ॥

ही ओवी म्हाताऱ्यांइतकीच त्यांच्या मुलासुनांना ऐकवायला हवी, असं मी मॅडमना सुचवलं. ज्या घरात ‘एवढंही कळत नाही का’ असं एकदा ऐकवलं जातं, तिथे पुढच्या वेळी कुणी काही सांगत नाही.

एक फसवणूक या ओव्यांच्या आवाक्याबाहेर राहिली, आणि बाईंनीच ते कबूल केलं. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये कोड मागतच नाहीत. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दिसतो, ‘तुमच्या नावाने गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असं सांगितलं जातं, आणि घाबरलेला माणूस स्वतः बँकेत येऊन ठेव मोडतो, स्वतः सही करतो. कायद्यात अशी अटक नाही. ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही ते सांगितलं होतं. पण तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर धाकात बसवलेल्या माणसाला ओवी आठवेल अशी अपेक्षा करणं चुकीचं आहे. तिथे काउंटरपलीकडच्या माणसाने विचारलं पाहिजे: ‘आजोबा, एवढी मोठी रक्कम, कुणासाठी? घरी माहीत आहे ना?’ मॅडमनी सांगितलं की त्यांच्या शाखेत ठेव मुदतीआधी मोडायला कुणी ज्येष्ठ एकटे आले, तर त्यांना आत बसवून हा प्रश्न विचारायचा असं ठरलं आहे. काही जणांना त्याचा राग येतो. येऊ दे, असं त्या म्हणाल्या.

शेवटी छापायचं काय, यावर चर्चा झाली. सगळ्या ओव्या एका कागदावर छापल्या तर कुणी वाचणार नाही, हे उघड होतं. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर तीनच ओव्या घ्यायच्या ठरल्या: टाकीची, ‘आकड्याच्या आधी’ची आणि ‘येतो मी शाखेत’ ही. त्यांच्याखाली 1930 मोठ्या आकड्यांत, आणि त्याखाली शाखेच्या फोनसाठी रिकामी जागा. ती जागा का रिकामी, असं एका काकांनी विचारलं. तो नंबर प्रत्येकाने घरी बसून आपल्या पासबुकातून पाहून, आपल्या हाताने लिहायचा आहे, असं बाई म्हणाल्या. नंबर छापून तर चोरही वाटू शकतो. अक्षर अठरा पॉइंटच्या खाली नको, असं पहिल्या रांगेतल्या दोघांनी बजावलं आणि मॅडमनी ते लिहून घेतलं.